दंड माफ करा नव्हे, दंड लागूच होत नाही असे म्हणा

वाचनालयाचा दंड म्हणजे दोन-चारशे रुपयांचा मामला, त्यावर लेख काय लिहायचा, असे आमच्याच एका कार्यकर्त्याने विचारले. प्रश्न रास्त आहे. पण नायगाव-परळच्या भागात अभ्यासिका चालवताना आम्ही पाहतो की पोरं वाचनालय सोडतात ती पुस्तके आवडत नाहीत म्हणून नव्हे. एकदा दंड चढला की तो भरेपर्यंत नवे पुस्तक मिळत नाही, भरायला पैसे नसतात, मागायला लाज वाटते, आणि मग कार्ड घरच्या डब्यात पडून राहते. नाव कुणी काढून टाकलेले नसते. तरीही तो वाचक बाहेर गेलेला असतो.

गेल्या वर्षी असेच एक कार्ड आमच्यासमोर आले. बीडीडी चाळीत राहणारी, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी आमच्या अभ्यासिकेतली मुलगी. आई लालबागच्या मसाला गल्लीत मिरच्यांची देठं काढण्याच्या कामाला जाते. मुलीने जवळच्या एका सार्वजनिक वाचनालयातून तीन पुस्तके आणली होती. परत करायची तारीख १४ जुलै. ९ जुलैला ती इस्पितळात दाखल झाली. निदान क्षयरोगाचे. २५ जुलैला घरी सोडले आणि डॉक्टरांनी २४ ऑगस्टपर्यंत विश्रांती लिहून दिली. पुस्तके परत गेली २ सप्टेंबरला. म्हणजे ५० दिवस उशीर. दर पुस्तकामागे दिवसाला २ रुपये, तीन पुस्तके, दिवसाचे ६ रुपये. एकूण ३०० रुपये.

३०० रुपयांत काय मोठेसे, असे वाटणाऱ्यांसाठी एक आकडा सांगतो. क्षयरोग्याला उपचार चालू असेपर्यंत पोषक आहारासाठी सरकार निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १००० रुपये देते. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० होती. औषधे सोसायची तर पोटात अंडी, डाळ, शेंगदाणे गेले पाहिजेत, त्यासाठी हे पैसे. त्यातले जवळपास एक तृतीयांश वाचनालयाच्या खिडकीवर ठेवायचे होते. अनामत रक्कम ५०० रुपये जमा होती. दंड त्यातून वळता करा म्हटले तर अनामत अपुरी पडते आणि ती पुन्हा पूर्ण होईपर्यंत पुस्तक देत नाहीत. परीक्षा तीन महिन्यांवर आली होती.

पण पैशांच्या आधी खिडकीवर जे घडले ते सांगायला हवे. पुस्तके परत करायला आई गेली होती. उशीर का झाला, असे विचारल्यावर तिने सांगितले, पोरगी आजारी होती. काय झालं होतं? मागे रांग उभी होती. आई बोलून गेली, टीबी. त्यासरशी खिडकीवरच्या माणसाने हात मागे घेतला, टेबलावर वर्तमानपत्र पसरले आणि पुस्तके त्यावर ठेवायला सांगितली. पावती केली ती दुसऱ्या टेबलावर बसून. आईने घरी येऊन दंडाचे एवढेसे सांगितले आणि वर्तमानपत्राचे तीनदा सांगितले. शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर बसणाऱ्या मुलाची गोष्ट ज्यांच्या घरात सांगितली जाते, त्यांना त्या पसरलेल्या कागदाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. त्या माणसाला आमची जात ठाऊक होती की नव्हती, आम्हाला माहीत नाही आणि त्यावर आम्ही काही बोलणार नाही. त्याने विटाळ मानला तो रोगाचा. पण विटाळाची रीत या समाजाला मुद्दाम शिकवावी लागत नाही, हात आपोआप मागे जातो.

क्षयरोग पुस्तकातून पसरत नाही. तो हवेतून पसरतो, म्हणजे फुफ्फुसाचा क्षय असलेला माणूस खोकतो, शिंकतो, बोलतो तेव्हा उडणाऱ्या सूक्ष्म कणांतून. भांडी, कपडे, पुस्तके हाताळल्याने तो होत नाही. नेमकी औषधे नियमित सुरू झाली की बहुतेक रुग्णांकडून संसर्गाचा धोका काही आठवड्यांतच खूप कमी होतो. या मुलीची औषधे सुरू होऊन दीड महिन्याच्या वर झाले होते. वर्तमानपत्राला कसलाही आधार नव्हता.

मात्र ही भीती त्या एका माणसाच्या डोक्यातली नाही, तिला जगभर मोठा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत सार्वजनिक वाचनालये गरीब वस्त्यांपर्यंत पोहोचली, तेव्हा पुस्तकांतून रोग पसरतात अशी धास्ती उठली. इंग्लंडच्या १९३६ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याचे १५५ वे कलम खास वाचनालयाच्या पुस्तकांसाठी होते. नोंद करावी लागणारा साथीचा रोग झालेल्या माणसाने वाचनालयातून पुस्तक आणायचे नाही, हे त्यात होतेच. त्याखेरीज ज्या पुस्तकाला संसर्गाचा संपर्क झाला असेल ते त्याने परस्पर वाचनालयात परतही करायचे नाही, स्थानिक प्राधिकरणाला कळवायचे, मग ते त्या पुस्तकाचे निर्जंतुकीकरण करील किंवा ते नष्ट करील, असे होते. म्हणजे त्या कायद्याखाली आजारी माणसाने पुस्तक घरी ठेवून घेणे ही शिस्त होती. कोरोनाच्या काळात आपल्याकडेही मार्च २०२० मध्ये वाचनालये बंद झाली ती राज्यात १५ ऑक्टोबर २०२० पासून उघडू लागली. त्यानंतर परत आलेली पुस्तके काही दिवस बाजूला ठेवण्याची काळजी अनेक ठिकाणी घेतली गेली. तेव्हा संस्थेला भीती वाटली तर पुस्तक थांबवणे ही खबरदारी ठरते, आणि आजारी मुलीच्या घरी पुस्तक थांबले तर तो निष्काळजीपणा. ज्याचा हात पुस्तकाला लागलेला नको, त्याच्याकडून पुस्तक वेळेवर न आल्याचा दंडही घ्यायचा, या दोन गोष्टी एका खिडकीवर एकत्र कशा बसतात, हे आम्हाला त्या वाचनालयाला विचारायचे होते.

विचारायचे कुणाला, हा पुढचा प्रश्न. आमचे दोन तरुण दुसऱ्याच दिवशी जाऊन खिडकीवर भांडायला निघाले होते. त्यांना थांबवले. खिडकीवरच्या माणसाने वर्तमानपत्र पसरले तो त्याचा दोष. पण दंड सोडणे त्याच्या हातात नव्हते, ते आपण समजून घेतले पाहिजे. महाराष्ट्रातली बहुतेक सार्वजनिक वाचनालये सरकारी नाहीत. ती नोंदणीकृत संस्था आहेत. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली त्यांना मान्यता मिळते, अ, ब, क, ड असा दर्जा मिळतो आणि त्याप्रमाणे सरकारी अनुदान मिळते. वर्गणी किती, अनामत किती, दंड किती, हे ती संस्था आपल्या नियमावलीत ठरवते. त्यामुळे नियम शिथिल करायचा अधिकारही संस्थेच्या कार्यकारी मंडळाकडे असतो, खिडकीकडे नसतो. दंडाची पावती फाडली की ती रक्कम जमेच्या बाजूला पडते, तिचा पावती-पुस्तकातला क्रमांक हिशेब तपासणीत पाहिला जातो. उद्या तपासनीसाने विचारले की अमुक दिवशी पुस्तके ५० दिवस उशिरा आली, दंड कुठे आहे, तर कर्मचाऱ्याकडे मंडळाचा ठराव किंवा कार्यवाहांचा लेखी शेरा असावा लागतो. तो नसेल तर पैसे त्याच्या अंगावर येतात. म्हणून अर्ज करायचा तो कार्यवाहांच्या नावे, ग्रंथपालांमार्फत, आणि दंडाची पावती फाडली जाण्यापूर्वी. पावती झाल्यावर मागणी माफीची राहत नाही, परताव्याची होते, आणि परतावा देणे कुठल्याही संस्थेला अवघड जाते.

इथे त्या आईने न शिकवता एक गोष्ट अगदी योग्य केली होती. तिने पुस्तके आधी परत केली होती आणि त्याची पावती घेतली होती. दंड माफ होईपर्यंत पुस्तके परत करणार नाही, असा हट्ट काही जण धरतात. त्याने रोज दंड वाढत जातो आणि आपली बाजू दुबळी होते. पुस्तक आत गेले की मीटर बंद. मग वाद फक्त मागच्या दिवसांचा उरतो.

अर्ज लिहायला बसलो आणि खरी चर्चा तेव्हा झाली. पहिला मसुदा एका मुलाने लिहून आणला. त्यात "आम्ही गरीब कुटुंबातील असून", "कृपावंत होऊन", "मोठ्या मनाने" असे सगळे नेहमीचे शब्द होते. दोष त्याचा नाही. शाळेत फी माफीचा अर्ज आपल्याला याच भाषेत शिकवतात. पण त्यातला प्रत्येक शब्द मागणीचा पाया बदलतो. गरिबी हे कारण दिले की वाचनालय उपकार करते आणि उपकार करायचा की नाही हे देणाऱ्याच्या मर्जीवर राहते. आजारपण हे कारण दिले की तो सगळ्यांना लागू होणारा निकष होतो. उद्या हिंदू कॉलनीतले निवृत्त गृहस्थ हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाले, तर त्यांनाही तोच लागू व्हावा. आम्हाला आमच्या मुलीपुरती दया नको होती.

दुसरा वाद "माफी" या शब्दावर झाला. दंड हा शब्दच आरोप करतो आणि माफी मागितली की तो आरोप आपण कबूल करतो. वाचनालय दंड का लावते? माणसाने पुस्तक विसरू नये, घरी दाबून ठेवू नये, दुसऱ्या वाचकाला ताटकळत ठेवू नये म्हणून. त्याच्या निष्काळजीपणाला आळा बसावा म्हणून. इस्पितळातल्या खाटेवर पडलेल्या माणसावर या दंडाचा कसलाही परिणाम होऊ शकत नाही. तो दिवसाला ६ रुपये लावला काय आणि ६० लावला काय, ती मुलगी १५ जुलैला उठून वाचनालयात जाणार नव्हती. म्हणून आम्ही "माफ करावा" असे लिहिले नाही, "आजारपणाचे दिवस दंड आकारणीतून वगळावेत" असे लिहिले. शब्दाचा कीस पाडतो आहोत असे कुणाला वाटेल. पण संस्थेच्या बैठकीत विषय कोणत्या शब्दांनी वाचला जातो, त्यावर पुढची चर्चा दयेची होते की नियमाची, हे ठरते.

तिसरा वाद सर्वात अवघड. ५० पैकी किती दिवस वगळा म्हणायचे? तरुणांचे म्हणणे, सगळेच. आम्ही हिशेब मांडला. प्रमाणपत्रात ९ जुलै ते २४ ऑगस्ट हा काळ लिहिलेला. त्यात उशिराचे दिवस १५ जुलैपासूनचे, म्हणजे जुलैचे १७ आणि ऑगस्टचे २४, एकूण ४१. त्यांचे २४६ रुपये. उरलेले २५ ऑगस्ट ते २ सप्टेंबर हे ९ दिवस, ५४ रुपये. त्या ९ दिवसांसाठी आमच्याकडे सांगण्यासारखे बरेच होते. अशक्तपणा होता, आईचा रोज बुडत होता, वाचनालयाची वेळ संध्याकाळची. पण कागद नव्हता. आणि त्या तीनपैकी एका पुस्तकासाठी दुसऱ्या वाचकाने मागणी नोंदवून ठेवली होती, हे ग्रंथपालांनी सांगितले तेव्हा आम्ही गप्प झालो. तो वाचकही कदाचित परीक्षेलाच बसणारा, आपल्यासारखाच. त्याचा हक्क आम्ही आजाराच्या नावाखाली पुसून टाकू शकत नव्हतो. म्हणून २४६ वगळा, ५४ भरतो, असे लिहिले. यावर आमच्यात आजही एकमत नाही. एका मैत्रिणीचे म्हणणे आहे की कागदाने सिद्ध होते तेवढाच आजार मानायचा, तर ज्यांना कागद मिळत नाही त्यांचा आजार कोण मोजणार? म्हणणे खरे आहे. रोजंदारीवरचा माणूस तापाने फणफणला तरी प्रमाणपत्र घ्यायला डॉक्टरकडे जात नाही, तो मेडिकलमधून गोळी घेतो. अशांसाठी निदान केसपेपर, औषधांची पावती किंवा इस्पितळाचे डिस्चार्ज कार्ड ग्राह्य धरावे, एवढी मागणी पुढे करता येते, आणि ती आम्ही केली.

कागदाबाबत आणखी एक. आम्ही डिस्चार्ज कार्ड जोडले नाही, कारण त्यावर रोगाचे नाव असते. डॉक्टरांकडून वेगळे प्रमाणपत्र घेतले. त्यात अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत रुग्ण उपचाराखाली होती, तिला विश्रांतीची गरज होती, एवढेच. वाचनालयाला तारखा हव्यात, रोग नको. रोगाचे नाव विचारलेच तर "प्रमाणपत्रात कालावधी नमूद आहे" एवढे उत्तर पुरते. या मुलीच्या बाबतीत नाव आधीच चारचौघांत बाहेर पडले होते, म्हणून अर्जात आम्ही स्वतंत्र परिच्छेद घातला: सभासदाच्या आजाराची चौकशी रांगेसमोर होऊ नये आणि आजारी वाचकाने हाताळलेल्या पुस्तकांना वेगळी वागणूक देऊ नये. कोणाचे नाव लिहिले नाही, कारवाई मागितली नाही. आईलाच ते नको होते. तिथे पोरीला पुन्हा जायचे आहे, असे ती म्हणाली.

अर्ज एका पानाचा झाला. प्रति, माननीय कार्यवाह, मार्फत ग्रंथपाल. विषय: आजारपणाच्या कालावधीतील दंड आकारणी वगळण्याबाबत. खाली सभासद क्रमांक, तिन्ही पुस्तकांचे दाखल क्रमांक, देय तारीख, परत केल्याची तारीख, दिवसांचा व रुपयांचा हिशेब, जोडलेले प्रमाणपत्र, आणि शेवटी निर्णय लेखी कळवावा ही विनंती. दोन प्रती केल्या. एक दिली, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही-शिक्का घेतला. या दुसऱ्या प्रतीचे महत्त्व चळवळीतल्या लोकांना सांगायला नको. तिच्याशिवाय अर्ज केला होता हेच सिद्ध होत नाही. निर्णय होईपर्यंत पुस्तके देणे थांबवू नये, अशीही एक ओळ होती. ती ग्रंथपालांनी स्वतःच्या अधिकारात लगेच मान्य केली, हे सांगितले पाहिजे. त्याच संध्याकाळी मुलगी एक पुस्तक घेऊन आली.

आठवड्याने कार्यवाहांचा निरोप आला की जाऊ द्या, काही भरू नका, तुमच्या मुलीचे सगळेच सोडले. चांगुलपणाच होता तो. आम्ही नम्रपणे नाही म्हटले. तोंडी सोडलेला दंड पुढच्या मुलाच्या कामाचा नसतो. तो उद्या कार्यवाह बदलले की संपतो, आणि तोवर "त्यांना आम्ही सोडले होते" या वाक्यात जिवंत राहतो. आम्हाला ५४ ची पावती हवी होती आणि २४६ चा ठराव. तो महिनाअखेरच्या बैठकीत झाला. लेखी उत्तर आले: वैद्यकीय प्रमाणपत्रातील कालावधीची आकारणी वगळण्यात येत आहे. रांगेत चौकशी होऊ नये, याबद्दल कर्मचाऱ्यांना सूचना दिल्याचेही त्यात होते. पुस्तकांच्या वेगळ्या वागणुकीबद्दल मात्र अवाक्षर नव्हते.

तिकडे बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या शहरात शिकले, त्या न्यूयॉर्कने हा प्रश्न मुळापासूनच सोडवला. शिकागोने २०१९ मध्ये आणि न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाचनालयांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये उशिराचा दंड पूर्ण बंद केला. १५ डॉलर किंवा त्याहून जास्त दंडामुळे बंद पडलेली कार्डे न्यूयॉर्कमध्ये सुमारे ४ लाख होती, आणि त्यातली निम्म्याहून जास्त गरीब वस्त्यांतली. पुस्तक हरवले तर किंमत द्यावी लागते, ते चालू राहिले. दंड काढला की पुस्तके परत येणार नाहीत ही भीती तिथेही होती. शिकागोत उलट झाले, वर्षानुवर्षे घरात दडलेली पुस्तके लोक घेऊन आले, कारण आता खिडकीवर जायची धास्ती उरली नव्हती. आपल्याकडच्या छोट्या वाचनालयांना हे जसेच्या तसे लागू करा, असे आम्ही म्हणणार नाही. अनुदान उशिरा येते, वर्गणी तुटपुंजी असते, एकेका पुस्तकाची एकच प्रत असते. न्यूयॉर्कच्या वाचनालयाकडे एका पुस्तकाच्या वीस प्रती असू शकतात. इथे एक प्रत अडली की दुसऱ्या वाचकाचा अभ्यास अडतो. म्हणून आमची मागणी लहान आहे: आजारपणाचे दिवस मोजू नयेत, दंड पुस्तकाच्या किमतीपेक्षा वर जाऊ नये, आणि आजारी वाचकाचे पुस्तक घरातल्या कुणालाही किंवा शेजाऱ्याला परत करता यावे, फोनवर मुदत वाढवून मिळावी.

हे नियमावलीत घालायचे तर वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडावे लागेल. तिथे एक अडचण निघाली. आमच्या अभ्यासिकेतली सगळी मुले त्या वाचनालयात वर्गणीदार वाचक आहेत. संस्थेच्या घटनेप्रमाणे मत असते ते सभासदांना, आणि वर्गणीदार वाचक व मताधिकार असलेला सभासद हे दोन वेगळे वर्ग आहेत. अनेक जुन्या वाचनालयांत असेच आहे. आपल्या वाचनालयाच्या घटनेची प्रत मागून घ्या आणि हा भाग वाचा. त्या वाचनालयात आमच्या माहितीतले मताधिकार असलेले सभासद फक्त दोन, दोघेही साठीच्या पुढचे, त्यातले एक गिरणीतून निवृत्त झालेले. ठराव त्यांच्या सहीने गेला आहे. आणि अभ्यासिकेतल्या पाच जणांनी साधारण सभासदत्वाचे अर्ज भरले आहेत. त्यातला एक अर्ज त्या मुलीचा आहे.